काजू कतलीचा गोळा आणि पाकाचे पाणी

काजू कतलीत काजूपूड, साखर आणि पाणी या तीनच गोष्टी असतात. चमचाभर तूप लागते ते हात आणि लाटणे चिकटू नये म्हणून. या तिन्हींतले पाणी शेवटी जवळजवळ दिसेनासे होते, पण कतली लाटता येईल की बोटांना चिकटेल, मऊ राहील की भुरभुरीत होईल, हे तेच ठरवते. कढईतला गोळा शिजवायचा म्हणजे त्यातले पाणी नेमके हवे तेवढे उरेपर्यंत आटवायचे. पाणी जास्त राहिले तर गोळा चिकट होतो आणि कमी राहिले तर तो भेगाळतो. या दोन टोकांमधला पल्ला छोटा आहे. मंद आचेवरसुद्धा दोन-तीन मिनिटांत गोळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो.

यात काजूचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. काजूगरात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. बदाम किंवा शेंगदाण्यापेक्षा त्यात पिष्टाचा अंश बराच जास्त असतो. हे पिष्ट आणि प्रथिने गरम पाक शोषून घेतात आणि गोळ्याला बांधणी येते. म्हणून काजू कतलीला खवा किंवा मैदा लागत नाही. तेलामुळे गोळा मऊ आणि गुळगुळीत होतो, पण ते काजूच्या कणांच्या आत राहायला हवे. जास्त दळल्याने, जास्त शिजवल्याने किंवा जास्त मळल्याने तेल बाहेर येते. मग गोळा वरून तेलकट दिसतो आणि आतून कोरडा पडतो.

त्यामुळे तयारी मिक्सरपासूनच सुरू होते. काजू न भाजता घ्यावेत, कारण भाजले की रंग पिवळसर होतो. फ्रिजमधले काजू आधी बाहेर काढून पूर्ण नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावेत. थंड काजूंवर हवेतला ओलावा धरतो आणि पूड भांड्याला चिकटून बसते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डब्यातले काजूही सादळतात. ते रंग न बदलू देता कढईत जेमतेम कोमट करून गार केले की काम होते. मिक्सर सलग फिरवू नये. दोन-तीन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवावे आणि पुन्हा फिरवावे. पूड बारीक चाळणीने चाळून वर राहिलेला चुरा पुन्हा दळावा. न चाळलेल्या पुडीतले मोठे कण लाटताना कतलीच्या अंगावर उठून दिसतात. अख्खे महाग काजू घेण्याची गरज नाही. ताजा, पांढरा तुकडा काजू तेवढाच चांगला आणि स्वस्तही पडतो. मात्र जुन्या काजूचा खवट वास पाकाने झाकत नाही.

पाव किलो काजूला दीडशे ग्रॅम साखर आणि पाऊण कप पाण्याऐवजी जेमतेम 75 मिलीलिटर, म्हणजे पाच मोठे चमचे पाणी पुरते. पाणी एवढे कमी का, ते हिशेब केला की कळते. साखरेच्या निम्मे पाणी घेतले तर साखर विरघळताक्षणीच पाकात वजनाने दोन तृतीयांश साखर असते. एकतारी पाकात हे प्रमाण सुमारे सत्तर टक्के असते. दीडशे ग्रॅम साखरेचा असा पाक 215 ग्रॅमच्या आसपास भरतो. सुरुवातीचे साखर-पाणी मिळून 225 ग्रॅम होते. उकळी आल्यावर फक्त दहा-बारा ग्रॅम पाणी उडाले की पाक तयार होतो, आणि याला मिनिट-दोन मिनिटेच लागतात. पाणी दीड-दोन कप घातले तर शेवटी पाक तोच होतो, पण आटवायला बराच वेळ जातो. नेमकी वेळ पकडणेही अवघड होते.

साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे, त्यानंतर ढवळणे थांबवावे. कढईच्या कडेला साखरेचे दाणे चिकटले असतील तर ओल्या चमच्याने खाली ओढून घ्यावेत. असा एक दाणा पाकात पडला तरी त्याभोवती पुन्हा साखर धरू लागते आणि कतली रवाळ होते. पाक मळकट दिसला तर चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढावी. पांढऱ्या कतलीसाठी हे उपयोगाचे आहे. काही जण साखर परत धरू नये म्हणून लिंबाचे दोन-तीन थेंब टाकतात. त्याहून जास्त लिंबू मात्र घालू नये, कारण आंबटपणामुळे फुटलेली साखर हवेतला ओलावा ओढते आणि कतली दुसऱ्या दिवशी चिकट होते.

तार पाहण्याची पद्धत सर्वांना माहीत असते, पण घाईत ती चुकते. चमच्यावर थोडा पाक घेऊन काही सेकंद निवू द्यावा. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून बोटे हळूच दूर करावीत. एक तार ताणली जाऊन तुटली की पाक झाला. उकळत्या पाकाचा थेंब तसाच बोटांवर घेतला तर पोळते, आणि गरम पाक पातळ असल्याने तार खरी असूनही दिसत नाही. थर्मामीटर वापरणाऱ्यांनी उंचीचा विचार करावा. समुद्रकिनाऱ्यावर एकतारी पाक 105 अंश सेल्सियसच्या आसपास उकळतो. पुण्यात साधे पाणीच सुमारे 98 अंशांना उकळते, त्यामुळे तिथे हाच पाक दोन अंश आधी तयार होतो. मुंबईचा आकडा पुण्यात धरला तर पाक पुढे जातो. बोटांची तार सगळीकडे सारखीच खरी ठरते.

दोन तारी येईपर्यंत थांबणे ही कतली बिघडण्याची सर्वांत नेहमीची वाट आहे. त्या पाकात पाणी इतके कमी असते की काजूपूड घालताच ते शोषले जाते आणि निवताना साखर दाण्यांच्या रूपात बाहेर येऊ लागते. गोळा कढईतच घट्ट होतो, लाटताना भेगा पडतात आणि कतलीऐवजी कोरडी वडी होते. उलट, तार यायच्या आधीच पूड घातली तर काही बिघडत नाही. फक्त गोळा जास्त वेळ शिजवावा लागतो, आणि तेल सुटण्याचा धोका तेवढा वाढतो.

पूड घालताना आच अगदी मंद करावी आणि पूड थोडी थोडी भुरभुरत ढवळावी, म्हणजे गाठी होत नाहीत. पहिल्या मिनिटात मिश्रण पातळ पिठल्यासारखे दिसते. ते पाहून वरून आणखी काजूपूड घालण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. पाक पुडीत मुरायला थोडा वेळ लागतो. तीन-चार मिनिटांत मिश्रण घट्ट होते आणि कालथ्याबरोबर फिरू लागते. मग कढईच्या कडा सुटतात. पाव किलोच्या प्रमाणात पूड घातल्यापासून साधारण पाच ते आठ मिनिटांत गोळा होतो. कढई जाड-पातळ, आच कमी-जास्त, त्याप्रमाणे हा वेळ बदलतो, म्हणून घड्याळापेक्षा गोळ्याकडे पाहावे.

कडा सुटल्या म्हणजे गोळा झाला असे मात्र नाही. ती फक्त तपासणी सुरू करण्याची खूण आहे. वाटाण्याएवढे मिश्रण ताटलीत काढून अर्धा मिनिट निवू द्यावे आणि तुपाचे बोट लावून त्याची गोळी वळावी. गोळी बोटांना चिकटली, ओलसर लागली किंवा ठेवल्यावर पसरली तर आणखी एक मिनिट शिजवून पुन्हा पाहावे. गोळी गुळगुळीत वळली, बोटे कोरडी राहिली आणि हलकेच दाबल्यावर कडेला भेग पडली नाही, की लगेच गॅस बंद करावा. दाबताच कड फाटली तर गोळा पुढे गेला आहे. पाक निवताना घट्ट होत असल्याने गरम असताना जरा मऊ वाटणारा गोळाच बरोबर असतो. कढईत हवा तेवढा कडक दिसला, तर लाटायला घेईपर्यंत तो फाटणारच. कडेने तुपासारखी चकाकी दिसू लागली तर तेल सुटू लागले आहे. मग चाचणी पूर्ण झाली नसली तरी कढई उतरवून घ्यावी.

बंद केल्यावर चमचाभर तूप घालावे आणि गोळा तूप लावलेल्या ताटात काढावा. हाताला सोसेल इतका निवला की एक-दोन मिनिटे मळावा. कणीक तिंबतात तसा जोर इथे लावायचा नाही, कारण जोराने तेल बाहेर येते. खडबडीतपणा जाऊन पृष्ठभाग सारखा झाला की थांबावे. कोमट असतानाच बटर पेपरच्या दोन थरांमध्ये चार-पाच मिलिमीटर जाडीचा लाटावा. पूर्ण थंड झालेला गोळा लाटला तर कडा फाटतात. शंकरपाळ्यांच्या आकारात काप मात्र तो पूर्ण निवल्यावरच करावेत, नाहीतर सुरीला चिकटून कडा ओढल्या जातात. वर्ख लावायचा असेल तर कापण्याआधी लावावा.

बिघडलेला गोळा बहुतेक वेळा सावरता येतो. चिकट असेल तर तो पुन्हा मंद आचेवर मिनिटभर परतावा, किंवा चमचा-दोन चमचे दूध पावडर मळून घालावी. पावडरने ओलावा शोषला जातो, पण चव थोडी दुधाळ होते, म्हणून शिजवणेच बरे. कोरडा, भेगाळणारा गोळा असेल तर कोमट दुधाचे थेंब शिंपडत मळावे. एकदम चमचाभर दूध ओतू नये. साखर धरून रवाळ झाला असेल तर दोन मोठे चमचे पाणी घालून कढईत पुन्हा मोकळा करावा आणि गोळीची चाचणी पहिल्यापासून घ्यावी. सुटलेले तेल मात्र परत आत जात नाही. कागदाने टिपून घेता येते, पण पोत पूर्ववत होत नाही. शंका असेल तेव्हा गोळा मिनिटभर आधीच उतरवावा, कारण कमी शिजलेला गोळा परत कढईत घालता येतो.