टेबलावरचं पांढरं कडं

वरणाचा कुकर गॅसवरून उतरवून थेट सागवानी टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटांनी उचलला, की खाली त्याच्या बुडाएवढं पांढरं कडं उमटलेलं असतं. घरच्यांना वाटतं, लाकूड भाजलं. लाकूड बहुतेक वेळा जसंच्या तसं असतं. उष्णतेने वरचा पॉलिशचा थर मऊ पडतो, टेबलावरची ओल त्यात शिरून अडकते आणि तेवढा भाग दुधाळ दिसू लागतो. म्हणून सुताराला विचारायचा खरा प्रश्न असा : पडलेला डाग घरच्या घरी निघेल का?

जुन्या फर्निचरवरचं चपड्याचं स्पिरिट पॉलिश या कामाला सर्वांत कच्चं. लाख गरम भांड्याखाली लगेच मऊ होते. तेलावर बनवलेलं व्हार्निश त्याहून बरंच टिकतं, पण रोजच्या कुकरपुढे तेही हार मानतं. डाग ताजा असेल तर केस वाळवायचा ड्रायर मंद ठेवून, हलवत हलवत फिरवल्यास ओल निघून जाते आणि पांढरेपणा कधी कधी पूर्ण जातो.

पीयू सर्वांत कणखर. बेस आणि हार्डनर मिसळून फवारलेला हा थर उष्णतेने वितळत नाही, सांडलेलं सांबार वा हळदीचं तेलही सहसा आत जाऊ देत नाही. तो एका दिवसात सुकलेला दिसतो, पण पूर्ण कडक व्हायला आठवडा तरी लागतो. त्या आठवड्यात टेबलावर गरम भांडं येताच कामा नये. खरी अडचण पुढची आहे : पीयूवर डाग पडलाच, तर तेवढ्यापुरता हात मारता येत नाही, जोड दिसतो. अख्खा पृष्ठभाग घासून पुन्हा फवारावा लागतो.

तेलाचं गणित उलटं आहे. उकळलेलं जवसाचं तेल लाकडात मुरतं, वर थर जवळपास राहतच नाही; त्यामुळे दुधाळ कडं सहसा पडत नाही. हळद आणि पाणी मात्र सहज मुरतात, आणि ओल्या सागावर लोखंडी कढई राहिली तर काळा डाग पडतो. पण तेवढीच जागा पॉलिशपेपरने घासून पुन्हा तेल लावलं की काम झालं. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं तेल पुसून काढायचं, दिवसभर वाळू द्यायचं. असे तीन हात. तेल पुसायचं राहिलं तर टेबल चिकट होतं.

लहान मुलं, रोजची सांडलवंड आणि डागडुजीला वेळ नाही, अशा घरात पीयूच घ्यावं. भरीव सागवान असेल आणि वर्षातून एक-दोनदा तेलाचा हात द्यायची तयारी असेल, तर तेल उजवं. प्लायवर विनियर असलेल्या टेबलाला वारंवार घासणं परवडत नाही, तो पापुद्रा कागदासारखा पातळ असतो. अडणी मात्र तिन्हींना लागतेच.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.