झेरॉक्समध्ये प्रश्नपत्रिका का बिघडते? आधी मांडणी कशी करावी?

मुळशी तालुक्यातल्या नांदे गावातल्या एखाद्या शाळेत सहावीची गणिताची चाचणी आहे, असं समजू. गुण 20, मुलं 38, आणि पाठपोट एकच ए-4 कागद. त्यात एक प्रश्न आहे: 'रेषाखंड AB ची लांबी मोजून लिहा.' शिक्षकांनी संगणकावर तो बरोबर 6 सेंमी काढला आहे. मुलं पट्टी लावून मोजतात आणि बहुतेक जण 5.8 लिहितात. उत्तरसूचीत मात्र 6 आहे.

इथे मुलांचं मोजमाप चुकलेलं नाही. छापताना Fit हा पर्याय निवडलेला होता, त्यामुळे पान साधारण 97 टक्के झालं आणि 6 सेंमीचे 5.82 सेंमी झाले. कोन आकार बदलला तरी तेवढेच राहतात, म्हणून कोनाच्या प्रश्नात ही गडबड दिसत नाही; लांबीच्या प्रश्नात हमखास दिसते. यावर उपाय म्हणजे छापताना Actual size किंवा 100% निवडणं. शिवाय पानाच्या तळाशी बरोबर 10 सेंमीची एक रेघ काढून ठेवावी. पहिली प्रत हातात आली की त्या रेघेवर पट्टी लावायची. दुकानातल्या मशीनमध्ये लीगल कागद असेल, तर पान आपोआप लहान-मोठं होण्याची शक्यता असते. तेही याच रेघेवरून कळतं.

पान 100 टक्के आकारात छापायचं, तर समास आधीच पुरेसा हवा. झेरॉक्स मशीन कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही. काही मिलिमीटर पट्टी कोरी राहते. त्यातच काचेवर मूळ कागद जरा सरकला, तर उजव्या कडेचे गुण अर्धे कापले जातात. चारही बाजूंना 20 मिमी समास ठेवला की ही भीती राहत नाही. ए-4 ची रुंदी 210 मिमी, म्हणजे मजकुराला 170 मिमी मिळतात.

गुण उजवीकडे नेण्यासाठी बरेच जण स्पेसबार दाबत राहतात. प्रश्नातला एक शब्द बदलला की सगळे आकडे वाकडेतिकडे होतात. त्याऐवजी दोन रकान्यांचा, कडा न दिसणारा तक्ता घ्यावा: प्रश्नाला 155 मिमी, गुणांना 15 मिमी. प्रश्न दोन ओळींचा झाला तरी गुण आपल्या जागी राहतात. तक्त्याच्या गुणधर्मांत Allow row to break across pages ही खूण काढली की एकच प्रश्न दोन पानांत तुटत नाही. विभागाचं शीर्षक आणि त्याचे एकूण गुण त्याच तक्त्यात, ठळक अक्षरात. शीर्षकामागे राखाडी पट्टी मात्र नको. झेरॉक्सवर राखाडी रंगाचे ठिपके होतात आणि त्यावरची अक्षरं मळकट दिसतात.

आकृत्यांचंही तेच. पुस्तकातलं रंगीत चित्र मोबाइलने टिपून चिकटवलं, तर प्रतीवर काळसर डाग उमटतो. त्रिकोण, कोन, आलेख हे नुसत्या काळ्या रेघांनी, साधारण 1 पॉइंट जाडीने काढावेत. त्याहून फार बारीक रेघ प्रतीत तुटक येते. आलेखातले स्तंभ वेगळे दाखवायचे तर रंगछटांऐवजी एकात तिरप्या रेघा, दुसरा कोरा.

मराठीत आणखी एक अडचण येते. ओळींतलं अंतर Exactly ठेवून कमी केलं, तर वरची वेलांटी, रफार आणि अनुस्वार कापले जातात. मग 'अंश' चा 'अश' होतो. हे अंतर Multiple ठेवून 1.15 करावं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल दुकानातल्या संगणकावर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात, म्हणून दुकानात पीडीएफच न्यावी.

उत्तराच्या जागेसाठी टिंबं टाइप करण्यापेक्षा तक्त्याच्या ओळींची फक्त खालची कड ठेवावी. ओळीची उंची Exactly 9 मिमी. सहावीच्या मुलांना पेनाने लिहायला ती पुरते. तीन गुणांच्या प्रश्नाला पाच ओळी दिल्या, तर 45 मिमी जागा लागते. पाठपोट कागदात सगळं बसत नसेल तर अक्षर बारीक करण्याऐवजी एखादा प्रश्न कमी करणं परवडतं.

मूळ प्रत लेझर प्रिंटरवर काढून घ्यावी आणि सगळ्या प्रती त्याच कागदावरून काढाव्यात. प्रतीची प्रत काढत गेलं की अनुस्वार आधी जातात. कागद पातळ असेल, तर मागच्या बाजूची छपाई फिकट सावलीसारखी पुढे येते; तेव्हा मशीनवरचा काळेपणा एक टप्पा कमी करावा. पहिली प्रत पाठपोट काढायची, 10 सेंमीची रेघ मोजायची, उजव्या कडेचे गुण आणि दोन-चार अनुस्वार बघायचे. ते ठीक असतील, तरच उरलेल्या 37 प्रती काढायच्या.