अहवालातला ‘मुळे’ हा शब्द तपासून घ्या

आज एका छोट्या शब्दाबद्दल बोलू. तो शब्द म्हणजे ‘मुळे’. कर्जामुळे, नापिकीमुळे, दारूमुळे. आपल्या वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत आणि अहवालांत हा शब्द सारखा येतो. तो बरोबर वापरला आहे का, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

उदाहरण खरंच घेऊ. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी २००६ साली महाराष्ट्र शासनाला एक अहवाल दिला. त्यासाठी यवतमाळ, वाशीम आणि वर्धा या जिल्ह्यांत आत्महत्या झालेल्या १११ घरांची पाहणी झाली होती. त्यांपैकी शंभरात सुमारे ८७ घरांवर कर्ज होतं.

आता कुणी लिहिलं की, ‘८७ टक्के आत्महत्या कर्जामुळे’, तर आपण लगेच मान डोलावू. पण थांबा. जी माणसं जिवंत आहेत, त्यांच्यावर कर्ज नव्हतं का? २००३ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात दर शंभर शेतकरी कुटुंबांतली जवळजवळ ५५ कुटुंबं कर्जात होती. म्हणजे कर्ज असलेली लाखो घरं होती आणि त्यातल्या बहुतेकांनी हा मार्ग घेतला नाही. नुसत्या ८७ या आकड्यावरून कारण ठरत नाही. शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो.

मिश्रा यांनी तेच केलं. आत्महत्या न झालेली घरंही पाहिली आणि दोन्हींची तुलना केली. आत्महत्या झालेल्या घरांवर सरासरी कर्ज जास्त निघालं. त्यांच्याकडे बैल कमी निघाले. घरात माणसं जास्त, बहिणीच्या नाही तर मुलीच्या लग्नाची जबाबदारी, हेही जास्त दिसलं. अहवालात त्यांना ‘जोखमीच्या बाबी’ म्हटलं आहे. हा शब्द मोजून वापरलेला आहे. ज्या घरात ही गोष्ट आहे, तिथे धोका जास्त आढळला, एवढंच तो सांगतो.

आता बैलाचंच बघा. कुणी मथळा दिला, ‘बैलजोडी नसल्यामुळे आत्महत्या’, तर तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न, आधी काय झालं? बैल नव्हते म्हणून कास्तकार कर्जात गेला, की सावकाराचा तगादा लागला म्हणून त्यानं बैल विकले? पाहणी नंतर होते. त्या दिवशी गोठा रिकामा दिसतो. तो केव्हा रिकामा झाला, हे वेगळं विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरा प्रश्न, दोन्हींच्या मागे तिसरं काही आहे का? कोरडवाहू रान, लागोपाठची नापिकी, घरातलं मोठं आजारपण. यातल्या एकानंच बैलही जातात आणि माणूसही खचतो. मग बैल वाटून धोका तेवढा कमी होईलच असं नाही.

तिसरा प्रश्न, यादीत कोण आलं आणि कोण राहिलं? हा आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा. आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या वारसाला शासन एक लाख रुपये मदत देतं. त्यासाठी शेती, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि परतफेडीचा तगादा यांचे कागद लागतात. कागद जुळले तर प्रकरण ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. आता फक्त पात्र प्रकरणांची यादी घेऊन कुणी म्हणेल, ‘बघा, सगळे कर्जबाजारी होते!’ अहो, कर्ज असल्याशिवाय त्या यादीत नावच येत नव्हतं. ज्याचं कर्ज नातेवाइकाचं किंवा बिनपरवाना सावकाराचं होतं, ज्याच्या घरात कुणाच्याच नावावर सातबारा नव्हता, तो त्या यादीत नाही. त्याची बायकोही मग मदतीत नाही. आधी एकच कारण ठरवायचं, त्यावरून माणसं निवडायची आणि निवडलेल्या माणसांवरून तेच कारण सिद्ध झालं म्हणायचं, असा हा फेरा आहे.

याचा अर्थ कर्जाचा काही संबंध नाही असा काढू नका. तुलनेतही कर्ज जास्तच निघालं, म्हणून तो संबंध गंभीर आहे. पण एका घरात अशा तीन-चार जोखमी एकत्र असतात. त्यातली एक उचलून ‘हिच्यामुळेच’ म्हटलं, की बाकीच्या झाकल्या जातात.

म्हणून ग्रामसंघात एखादा अहवाल वाचला गेला, तर ‘मुळे’, ‘कारणीभूत’, ‘सिद्ध झाले’ या शब्दांखाली रेघ मारा. पाहणी फक्त एकदाच, घटना घडल्यानंतर झाली असेल, तर त्या जागी ‘सोबत आढळले’ असं वाचून बघा. वाक्य तरीही टिकतं का? आपल्या गटानं गावात पाहणी केली, तर कर्ज कधी काढलं आणि बैल कधी विकले, ही दोन्ही वर्षं लिहून घ्या. अपात्र ठरलेली घरंही मोजा. आणि ज्या घरांवर तसंच कर्ज असून ती सावरली, त्यांच्याकडेही जा.

कुणाच्या घरात अशी काळजी वाटत असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. मराठीतून बोलता येतं.