पासवर्ड एक, घरं दोन

नेटफ्लिक्सचं एक खातं आणि त्यावर दोन-तीन घरांचं मनोरंजन, ही सोय अनेक वर्षं सगळ्या जगात बिनबोभाट चालली. कंपनीच्या नियमांत ‘खातं एका घरापुरतं’ असं तेव्हाही लिहिलेलं होतं, पण त्याकडे कुणी पाहत नव्हतं, कंपनीसुद्धा नाही. उलट मार्च २०१७ मध्ये नेटफ्लिक्सनेच ट्विटरवर, पासवर्ड वाटून घेणं म्हणजे प्रेम, अशा अर्थाचं वाक्य टाकलं होतं. ग्राहकसंख्या झपाट्याने वाढत होती, त्या काळात फुकट पाहणारा माणूस उद्याचा गिऱ्हाईक वाटत असे.

२०२२ च्या पहिल्या तिमाहीत हे गणित फिरलं. दहा वर्षांत प्रथमच नेटफ्लिक्सचे ग्राहक घटले. घट दोन लाखांचीच होती, पण एप्रिलमध्ये तो आकडा जाहीर झाल्यावर शेअर एका दिवसात ३५ टक्क्यांनी कोसळला. भागधारकांना लिहिलेल्या पत्रात कंपनीने त्याच वेळी आणखी एक आकडा दिला. पैसे भरणारी कुटुंबं सुमारे २२ कोटी २० लाख, आणि त्यांच्या पासवर्डवर पाहणारी आणखी १० कोटींहून अधिक. त्यांपैकी तीन कोटींवर कुटुंबं एकट्या अमेरिका आणि कॅनडात होती. नवे ग्राहक शोधत हिंडण्यापेक्षा आधीच पडद्यासमोर बसलेल्यांकडून पैसे घेणं सोपं, असा निष्कर्ष निघणं साहजिक होतं.

मात्र थेट बडगा उगारला असता तर लोक खातीच बंद करतील, ही भीती होती. म्हणून मार्च २०२२ मध्ये चिली, कोस्टा रिका आणि पेरू या तीन देशांत एक प्रयोग सुरू झाला. खातेदाराने महिन्याला थोडी जादा रक्कम भरायची आणि घराबाहेरच्या माणसाला ‘जादा सदस्य’ म्हणून आपल्या खात्याला जोडायचं. कोस्टा रिकामध्ये ही रक्कम २.९९ डॉलर होती. नंतर अर्जेंटिना आणि आणखी काही देशांत माणसाऐवजी ‘जादा घर’ विकून पाहिलं गेलं, पण ती पद्धत टिकली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कॅनडा, न्यूझीलंड, पोर्तुगाल आणि स्पेन यांची पाळी आली, आणि २३ मे २०२३ रोजी अमेरिकेसह शंभरावर देशांत हा नियम लागू झाला. अमेरिकेतला दर ठरला ७.९९ डॉलर.

आता प्रश्न येतो तो ‘घर’ ओळखायचं कसं याचा. टपालाचा पत्ता इथे उपयोगाचा नाही. ज्या टीव्हीवर खातं नेहमी चालतं तो टीव्ही आणि त्याच इंटरनेट जोडणीवरची बाकीची उपकरणं मिळून नेटफ्लिक्सच्या लेखी एक घर होतं. त्यासाठी कंपनी जोडणीचा आयपी पत्ता, प्रत्येक उपकरणाची ओळखखूण आणि खात्यावरची हालचाल पाहते. दुसऱ्या गावातला टीव्ही त्याच खात्यावर रोज चालू लागला की त्याच्या पडद्यावर, हा टीव्ही या खात्याच्या घरात मोडत नाही, अशी सूचना येते. तिथून पुढे दोन वाटा असतात. Update Netflix Household निवडलं तर तोच टीव्ही मुख्य घर ठरतो आणि जुन्या घरातल्या टीव्हीवर अडचण सुरू होऊ शकते. Watch Temporarily निवडलं तर खातेदाराच्या फोनवर किंवा ईमेलवर चार आकडी कोड जातो आणि तो पंधरा मिनिटांत टाकावा लागतो. प्रवासात हॉटेलच्या टीव्हीसाठी ही सोय ठीक आहे. पण दुसऱ्या शहरातल्या मुलीने दर थोड्या दिवसांनी रात्री आईला फोन करून कोड मागायचा, तर दोघींपैकी एक जण कंटाळतेच. आणि माणसाने कंटाळावं, हाच तर या रचनेचा हेतू आहे. कडी लावलेली नसते, दार फक्त जड केलेलं असतं.

या पद्धतीचा सगळा भर टीव्हीवर आहे. जो टीव्हीवर पाहतच नाही त्याला घर नोंदवावं लागत नाही. फोन आणि लॅपटॉप माणसाबरोबर फिरतात हे गृहीत धरलेलं असल्याने त्यांच्या बाबतीत थोडी ढिलाई आहे, तरी तीही बेमुदत नाही. चुकाही होतात. राउटरवर व्हीपीएन चालू असेल, किंवा घरातला टीव्ही एका जोडणीवर आणि फोन दुसऱ्या जोडणीवर असेल, तर एकाच छताखालची माणसं परकी ठरू शकतात. आई-वडील वेगळे राहतात आणि मूल आठवडा वाटून दोन्हीकडे असतं, अशा कुटुंबाचं तर या व्याख्येत नीट बसवणंच कठीण.

‘जादा सदस्य’ घेतला की त्याला ईमेलने आमंत्रण जातं आणि त्याचं स्वतंत्र लॉगिन आणि पासवर्ड तयार होतो. जुनं प्रोफाइल, पाहून झालेल्या मालिका आणि यादीसकट, तिकडे हलवता येतं. पैसे मात्र मूळ खातेदाराच्याच बिलात लागतात. सदस्य अठरा वर्षांवरचा असावा लागतो आणि खातेदाराच्याच देशात राहणारा असावा लागतो. एका वेळी तो एकाच उपकरणावर पाहू शकतो. स्टँडर्ड योजनेवर असा एकच सदस्य घेता येतो, प्रीमियमवर दोन.

न्यू जर्सीतल्या एका काल्पनिक कुटुंबाचं बिल मांडलं तर दरवाढ आणि हे जादा शुल्क यांचा मेळ कसा बसतो ते स्पष्ट होतं. आई-वडील घरी, मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात, खातं स्टँडर्ड योजनेचं. २०२२ च्या अखेरीस दोन्ही घरं मिळून महिना १५.४९ डॉलर लागत होते. मे २०२३ मध्ये मूळ दर तोच राहिला, पण मुलीचे ७.९९ धरून बिल २३.४८ वर गेलं. जानेवारी २०२५ मध्ये स्टँडर्डचा दर १७.९९ झाला आणि जाहिरातमुक्त जादा सदस्याचा ८.९९, म्हणजे एकूण २६.९८. एकही नवी सोय न घेता सुमारे दोन वर्षांत खर्च ७४ टक्क्यांनी वाढला. जाहीर झालेली स्टँडर्डची दरवाढ मात्र अडीच डॉलरची, म्हणजे १६ टक्क्यांची. वर्तमानपत्रात मथळा होतो तो १६ टक्क्यांचा.

याच बिलात दुसरी गंमत दडलेली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने अमेरिकेत जाहिरातींसह चालणारी ६.९९ डॉलरची योजना आणली होती आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तिच्यात फुल एचडी चित्र आणि एका वेळी दोन उपकरणांची परवानगीही दिली होती. म्हणजे मे २०२३ मध्ये त्या मुलीला आईच्या बिलावर राहायचं तर ७.९९ डॉलर आणि एकच उपकरण. स्वतःचं जाहिरातींचं खातं घ्यायचं तर ६.९९ डॉलर आणि दोन उपकरणं. जादा सदस्याचा दर स्वतंत्र खात्याहून एक डॉलर जास्त, हे वरवर उलटं वाटतं. पण ज्या दुकानात महाग माल मुद्दाम स्वस्त मालाशेजारी मांडलेला असतो, तिथे बहुतेक वेळा स्वस्त मालच खपवायचा असतो. जाहिरात पाहणाऱ्या ग्राहकाकडून कंपनीला दोनदा उत्पन्न मिळतं, एकदा वर्गणीतून आणि एकदा जाहिरातदाराकडून.

पुढची पावलं हाच अंदाज पक्का करतात. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेत ९.९९ डॉलरची जाहिरातमुक्त बेसिक योजना नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. मधली पायरी काढून टाकल्यावर एकीकडे ६.९९ आणि दुसरीकडे थेट १५.४९ एवढंच उरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जुन्या ग्राहकांची बेसिक ११.९९ वर आणि प्रीमियम १९.९९ वरून २२.९९ वर गेली. जाहिरातींच्या योजनेला मात्र हात लावला गेला नाही. ती पहिल्यांदा वाढली जानेवारी २०२५ मध्ये, ७.९९ वर. तेव्हाच जादा सदस्यासाठी जाहिरातींसह ६.९९ डॉलरचा पर्यायही आला. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत, ही योजना जिथे मिळते त्या देशांतल्या नव्या ग्राहकांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक जणांनी तीच निवडली.

लोक चिडून सोडून जातील ही भीती फोल ठरली. सुरुवातीला खाती बंद झाली, पण ज्यांचा फुकटचा पासवर्ड गेला त्यांतले बरेच जण स्वतःचं खातं घेऊन परत आले. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत १ कोटी ३१ लाख ग्राहक वाढले, आणि २०२४ संपताना एकूण आकडा ३० कोटींच्या पुढे गेला. हे पाहून डिस्नी प्लसने सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत तीच वाट धरली. तिथे जादा सदस्याचे ६.९९ किंवा ९.९९ डॉलर पडू लागले आणि लगोलग ऑक्टोबरमध्ये मूळ दरही वाढले. जोडी तीच, क्रम तेवढा वेगळा.

भारतात घराबाहेर पासवर्ड वाटण्यावर २० जुलै २०२३ पासून बंधन आलं, पण जादा सदस्याचा पर्याय दिला गेला नाही. कंपनीने कारणही सांगितलं होतं. भारतासारख्या काही देशांत दर नुकतेच उतरवले होते आणि ग्राहकांचं प्रमाण अजून कमी होतं. डिसेंबर २०२१ मध्ये भारतात मोबाइल योजना १९९ वरून १४९ रुपयांवर आणि बेसिक ४९९ वरून थेट १९९ वर आली होती. १४९ रुपयांत स्वतःचं खातं मिळत असताना जादा सदस्याला त्याहून स्वस्त दर लावावा लागला असता, आणि तो लावून कंपनीच्या हाती फारसं लागलं नसतं. त्यामुळे मुंबईच्या खात्यावर टीव्ही पाहणाऱ्या पुण्यातल्या भावाला तेव्हा दोनच मार्ग उरले, कोड मागत राहणं किंवा स्वतःची वर्गणी भरणं.

परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं की जादा सदस्य देशाच्या सीमा ओलांडत नाही. ठाण्याच्या खात्यावर टोरांटोतल्या मुलाला घेता येत नाही, आणि टोरांटोतल्या मुलाला आपल्या खात्यावर ठाण्यातल्या आई-वडिलांनाही घेता येत नाही. त्याने तिथे स्वतःचं खातं उघडून जुनं प्रोफाइल त्यात हलवून घ्यावं. जाहिरातींची योजना घेतली तर काही चित्रपट आणि मालिका हक्कांच्या कारणाने त्यात दिसणार नाहीत, हे आधी पाहून घ्यावं.