एकीचं खातं परत मिळालं, दुसरीचं का नाही?

“पासवर्ड दोघीही विसरलो. तुझं जीमेल उघडलं, मला मात्र नकार. असं का?”

“प्रयत्न कुठून केलास?”

“सायबर कॅफेतून. खात्यात नोंदवलेला नंबर तर केव्हाच बंद झालाय.”

“तिथंच अडलं. मी घरच्या वाय-फायवर, रोजच्या लॅपटॉपवरून प्रयत्न केला. आधीचा एक पासवर्ड आठवला, नोंदवलेल्या नंबरवर कोडही आला. गूगलला आपले चेहरे दिसत नाहीत. ते अशा खुणा जुळतात का, ते पाहतं. तुझी एकही जुळली नाही, म्हणून मालकीण आणि चोर यांत त्याला फरक कळेना.”

“आता?”

“जुना लॅपटॉप आहे ना? घरूनच, त्यावरून पुन्हा प्रयत्न कर. हमी नाही, पण उघडलंच, तर आधी नंबर बदल.”