तीन वर्षांचा भाडेकरार करताय? दरवर्षीच्या वाढीचा आकडा आधीच ठरवून घ्या

पुण्या-मुंबईत घर भाड्याने घेताना चर्चा रंगते ती पहिल्या महिन्याच्या भाड्यावर. पंचवीस हजारांचे चोवीस करता येतील का, डिपॉझिट थोडे कमी होईल का, यावर दोन-दोन दिवस फोन चालतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी भाडे किती होणार, हा प्रश्न मात्र 'वाढ नेहमीप्रमाणे' एवढ्यावर मिटतो. अकरा महिन्यांच्या करारात ते एक वेळ चालून जाते. छत्तीस महिन्यांच्या करारात याच दोन शब्दांची किंमत चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जाऊ शकते.

समजा, कोथरूडमधला टू बीएचके फ्लॅट आहे. भाडे २५,००० रुपये, डिपॉझिट एक लाख. मालकांचे म्हणणे, दरवर्षी दहा टक्के वाढ. भाडेकरू जोडप्याची मुलगी जवळच्याच शाळेत जाते, त्यामुळे त्यांना तीन वर्षे घर बदलायचे नाही. त्यांची मागणी आहे, वाढ पाच टक्क्यांच्या वर नको.

दहा टक्क्यांनी भाडे दुसऱ्या वर्षी २७,५०० आणि तिसऱ्या वर्षी ३०,२५० होते. तीन वर्षांचे मिळून ९ लाख ९३ हजार. पाच टक्क्यांनी हेच भाडे २६,२५० आणि नंतर साधारण २७,५६० होते, एकूण सुमारे ९ लाख ४५ हजार ७५०. म्हणजे फरक सत्तेचाळीस हजारांचा. पहिल्या महिन्याच्या भाड्यात हजार रुपये कमी करून घेतले, तरी दहा टक्क्यांच्याच हिशेबाने तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आतच वाचतात.

'कायद्याने चारच टक्के' हे खरे का?

वाटाघाटीत अनेक भाडेकरू हा मुद्दा काढतात आणि तिथेच अडकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये दरवर्षी चार टक्के वाढीची तरतूद आहे, हे खरे. पण ती जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी, म्हणजे बोलीभाषेत पागडीच्या घरांसाठी कामाची. आज बहुतेक घरे 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात. त्यात भाडे आणि वाढ दोन्ही करारात लिहिले जाईल तेच. कायदा कमाल टक्का ठरवून देत नाही, म्हणूनच तो मागून घ्यावा लागतो.

मालक का ऐकतील?

कायद्याचा आधार नसला तरी हिशेबाचा आहे. भाडेकरू बदलला की घर निदान काही आठवडे रिकामे राहते, रंगकाम निघते, पुन्हा एजंट येतो. वरच्या उदाहरणात एक महिना घर रिकामे राहिले तर मालकांचे पंचवीस हजारांहून जास्त जातात. पाच आणि सात टक्के वाढीतला तीन वर्षांचा फरक मात्र सुमारे १८,७०० रुपयांचाच आहे. त्यामुळे 'काका, आम्ही तीन वर्षे राहणार आहोत, भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला जमा होईल, पण वाढीचा आकडा आत्ताच ठरवूया' असे म्हणणाऱ्याचे पारडे अगदीच हलके नसते. दहावरून पाचवर यायला मालक तयार होतीलच असे नाही. सहा-सातवर बऱ्याचदा जमते.

हे बोलायची वेळ मात्र टोकन देण्याआधीची. टोकन गेले, सामानाचा टेम्पो ठरला, की भाडेकरूच्या हातात घासाघीस करण्यासारखे काही उरत नाही.

टक्के लिहावेत की रुपये?

रुपये. 'दरवर्षी दहा टक्के वाढ' या वाक्याचे दोन अर्थ निघतात. मूळ भाड्यावर दहा टक्के धरले तर तिसऱ्या वर्षी ३०,०००. आधीच्या वर्षाच्या भाड्यावर धरले तर ३०,२५०. फरक छोटा आहे, पण वाद व्हायला पुरेसा. 'जास्तीत जास्त सहा टक्के' असे लिहिले, तर दरवर्षी नेमके किती हे ठरवायला पुन्हा बसावे लागते आणि आकडा कमाल मर्यादेलाच जाऊन टेकतो. 'बाजारभावाप्रमाणे' किंवा 'परस्पर संमतीने' हे शब्द तर मर्यादा पुसूनच टाकतात. संमती झाली नाही तर काय, याचे उत्तर त्यात नसते.

आपल्या उदाहरणात सहा टक्क्यांवर एकमत झाले असे धरू. करारात सरळ लिहावे: पहिले १२ महिने दरमहा २५,०००, पुढचे १२ महिने २६,५००, शेवटचे १२ महिने २८,०००. (हिशेबाने २८,०९० येतात; वरचे नव्वद सोडायला सांगण्यात गैर काही नाही.) एकूण ९ लाख ५४ हजार, म्हणजे दहा टक्क्यांच्या तुलनेत ३९ हजारांची बचत.

मुद्रांक शुल्कासाठीही हे आकडे लागतातच. पूर्ण मुदतीचे भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वर्षाला दहा टक्के धरलेले व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क असते. इथे ९ लाख ५४ हजार अधिक ३० हजार, म्हणजे शुल्क साधारण २,४६० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अकरा महिन्यांचे तीन करार केले तर ही फी आणि एजंटची धावपळ तीनदा.

खरी मेख नोटिशीच्या कलमात

वाढीचा तक्ता नीट लिहिला, तरी तो एका कलमाने निकामी होऊ शकतो. छापील मसुद्यात बहुतेक वेळा असते की कोणताही पक्ष एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो. बाराव्या महिन्यात परिसरातले भाडे तीस हजारांवर गेले, तर मालक नोटीस देतात आणि सोबत सुचवतात, 'तीस देत असाल तर राहा.' कराराचा भंग कुठेच होत नाही, पण ठरलेला सहा टक्के कागदावरच राहतो.

म्हणून वाढीसोबत लॉक-इनही बोलून घ्यावे लागते. भाडे थकले, घर दुसऱ्याला दिले किंवा घराचा गैरवापर झाला तरच मालक छत्तीस महिन्यांच्या आत करार संपवतील, असे कलम मागता येते. मालक उलट भाडेकरूलाही बांधू पाहतील, आणि ते रास्तच आहे. पण नोकरीत बदलीची शक्यता असेल तर स्वतःचे लॉक-इन बारा महिन्यांवर ठेवावे. मुदतीआधी सोडल्यास उरलेल्या लॉक-इनचे भाडे भरावे लागेल, अशी अट बहुधा असतेच.

दुसरी पळवाट मेंटेनन्सची. भाडे बांधले, पण सोसायटीचा खर्च 'प्रत्यक्षाप्रमाणे' भाडेकरूवर टाकला, तर वाढ तिथून येते. मेंटेनन्स भाड्यातच धरलेला आहे का आणि भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून घेते ते बिनभोगवटा शुल्क कोण भरणार, हे लिहून घ्यावे. भाड्याबरोबर डिपॉझिट वाढणार नाही, हेही.

अंगठा लावण्याआधी

ऑनलाइन नोंदणीत एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो आणि दहा मिनिटांत काम उरकते. बोलणे सहा टक्क्यांचे झालेले असते, मसुदा मात्र जुन्याच नमुन्यावर दहा टक्क्यांचा असतो, असे होऊ शकते. मसुदा आदल्या दिवशी मोबाइलवर मागवून तीन जागा पाहाव्यात: भाड्याचा तक्ता, लॉक-इन आणि नोटीस. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे.

ठरलेली मर्यादा छत्तिसाव्या महिन्यापर्यंतच चालते. मुदत संपल्यावर नवा करार न करता राहिल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि त्या काळासाठी दुप्पट भाड्याच्या दराने नुकसानभरपाई लागू शकते. त्यामुळे पुढच्या भाड्याचे बोलणे चौतिसाव्या महिन्यात सुरू करावे. दुसरे घर शोधायची वेळ आलीच, तर दोन महिने हाताशी राहतात.