छापील चूक, सहा गुण

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी बारावीची इंग्रजीची प्रश्नपत्रिका हाती पडली, तेव्हा कविता विभागातील ए-३, ए-४ आणि ए-५ या जागी प्रश्नच नव्हते. त्याऐवजी तपासनिसांसाठीच्या सूचना आणि उत्तराचा मजकूर छापला गेला होता. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच असल्याने तोडगाही राज्य मंडळानेच काढला.

पेपर झाल्यावर प्रश्न दुरुस्त करून देता येत नाही, म्हणून प्रत्येकी दोन असे सहा गुण देण्याचे ठरले. मात्र ते सरसकट नव्हते. उत्तरपत्रिकेत कविता विभागाचा नुसता उल्लेख, त्यातील एखादा सोडवलेला प्रश्न किंवा सदोष प्रश्नांचे केवळ क्रमांक, यांपैकी काहीतरी असणे आवश्यक होते. ‘ए-४’ एवढेच लिहून पुढची जागा कोरी ठेवणाराही पात्र ठरला. विभागाला हातच न लावणारा या निकषांत बसत नव्हता, आणि हीच खरी अडचण होती: गोंधळून पान उलटणाऱ्या मुलाची खूण कागदावर उरत नाही.

शाळेच्या चाचणीत मात्र चूक वेळेत कळली, तर प्रश्न तिथेच दुरुस्त करता येतो; त्यासाठी वर्गात द्यायच्या सूचनेत प्रश्न क्रमांक, छापलेला व दुरुस्त मजकूर, बदललेले गुण आणि आधीच लिहिलेल्या उत्तराचे काय, हे सारे स्पष्ट हवे.